शेवटच्या कोंबडीने जायचं कुठे?

प्रश्न: नाना, घरामागच्या खुराड्यात आमच्या चौदा गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. त्यातल्या कवडीला बाकीच्या सगळ्या टोचतात, दाण्याजवळ येऊ देत नाहीत, डोक्यावरची पिसं पार काढून टाकलीत. उन्हाळ्यात ती अंडी उबवायला बसली, मग पिल्लांपायी वेगळी होती, असे दोन-अडीच महिने गेले. त्याआधी असं काही नव्हतं. चार दिवस तिला बाहेर काढलं तर दुसरीला सुरू झालं. कोंबड्या असा नंबर का लावतात, आणि शेवटच्या एकीच्याच मागे का लागतात? (यावल तालुका)

उत्तर:

ताई, पिसं डोक्यावरची गेलीत हे तुम्ही लिहिलंत, त्याने माझं निम्मं काम सोपं झालं. मार कुठे बसलाय त्यावरून तो कशासाठी बसलाय ते कळतं. तुरा, डोकं, मानेची मागची बाजू इथे घाव असतील तर ते मानपानाचं भांडण. पाठीवरची आणि शेपटीच्या बुडाची पिसं गायब होत असतील तर ती निराळीच खोड, तिचं पुढे सांगतो. कवडीचं दुखणं पहिल्या प्रकारातलं आहे, आणि ती दोन-अडीच महिने वेगळी होती यात त्याचं मूळ आहे.

आधी नंबराचं. कोंबड्या नंबर लावतात असं आपण म्हणतो, पण कुठल्याच कोंबडीला आपला नंबर माहीत नसतो. तिला एवढंच पक्कं ठाऊक असतं की हिच्यासमोर मी हटायचं आणि तिने माझ्यासमोर हटायचं. प्रत्येक जोडीचा निकाल वेगळा लागलेला असतो. चौदा कोंबड्यांत अशा जोड्या 91 होतात. पहिली, दुसरी, तिसरी असा क्रम बाहेरून बघणारे आपण लावतो. नॉर्वेचे तोरलाइफ श्येल्देरुप-एब्बे यांनी पोरवयापासून कोंबड्यांवर नजर ठेवली होती आणि 1922 साली त्यावर जर्मन भाषेत लिहिलं. या प्रकाराला टोचण्याचा क्रम, इंग्रजीत पेकिंग ऑर्डर, हे नाव मिळालं ते तिथून. त्यांनाही असे त्रिकोण सापडले होते की पहिली दुसरीला टोचते, दुसरी तिसरीला टोचते आणि तिसरी उलट पहिलीलाच टोचते. डोक्यात नंबर असता तर असा त्रिकोण झालाच नसता. छोट्या कळपात हे त्रिकोण थोडे असतात, म्हणून आपल्याला सरळ शिडी दिसते.

निकाल लागताना बघितलं असेलच तुम्ही. दोन अनोळखी कोंबड्या समोरासमोर आल्या की मानेची पिसं उभी राहतात, छातीला छाती भिडते, एक-दोन उड्या होतात, तुरा चोचीत धरला जातो. मग एक मान खाली घालते, वळते आणि दोन-चार पावलं निघून जाते. संपलं. पुढच्या वेळी जिंकलेलीने नुसती मान वर करून बघितलं तरी दुसरी वाट सोडते. म्हणजे हा क्रम मुळात भांडण वाचवण्यासाठी आहे. रोज दाण्यासाठी नव्याने लढायचं म्हटलं तर दोघींचा दिवस त्यातच जाईल. अमेरिकेत गूल आणि अ‍ॅली या दोन प्राणिशास्त्रज्ञांनी 1944 मध्ये हेच मोजून दाखवलं. ज्या कळपात कोंबड्या सारख्या बदलत ठेवल्या त्यात टोचाटोची जास्त झाली, खाणं कमी झालं, अंडीही कमी मिळाली. जुना, मुरलेला कळप खाऊनपिऊन सुखी होता.

कोण जिंकणार हे वजनावर, तुऱ्याच्या आकारावर आणि जागा कोणाची यावर ठरतं. पण आणखी एक गोष्ट आहे, ती कवडीच्या बाबतीत महत्त्वाची. नुकतीच हरलेली कोंबडी पुढची झुंजही हरण्याची शक्यता वाढते, कारण ती आधीच दबून उभी असते. आयव्हन चेस या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने 1980 च्या दशकात अनोळखी कोंबड्यांचे छोटे गट करून झुंजींचा क्रम टिपला. एकीने दुसरीला हरवलं की बऱ्याचदा तीच जिंकलेली लगेच तिसरीवर जायची, नाहीतर कडेला उभी असलेली तिसरी येऊन हरलेलीलाच टोचायची. दोन्ही वेळा शिडी सरळ होत जाते. दुसऱ्या प्रकारात शिडीची तळाची पायरीही पक्की होते.

आता शेवटचीच्या मागे का लागतात ते. याचं उत्तर मला पुस्तकात नाही, वहीत सापडलं. नोकरीच्या सुरुवातीला मी पिंपळनेरला भाड्याने राहायचो. मागच्या अंगणात नऊ कोंबड्या होत्या, पाच जुन्या आणि चार बाजारातून आणलेल्या. त्यातली पांढरी तुमच्या कवडीसारखी झाली होती. मी सगळ्यांच्या पायाला जुन्या लुगड्याच्या काठाचे रंगीत दोरे बांधले आणि सकाळी दाणा टाकल्यावर अर्धा तास बाजेवर बसून कोणी कोणाला टोचलं त्याच्या रेघा मारल्या. खुराडं बंद ठेवून, एकाच परातीत दाणा टाकून तीन सकाळ. पांढरीला बसलेल्या टोचा 41, 38, 44. मग दार उघडून तेवढाच दाणा अंगणभर विसकटून तीन सकाळ. टोचा 6, 3, 4. कोंबड्या त्याच, दाणा तोच, नंबरही तोच. आईने वही बघितली नव्हती, पण ती चुलीजवळून सगळं बघत होती. तिला विचारलं तर म्हणाली, “ती जाई कथा?” म्हणजे, ती जाणार कुठे?

सगळं यात आलं. कोंबड्यांच्या भाषेत हार मानणं म्हणजे बाजूला होणं. माणूस हात जोडतो, कुत्रा पाठीवर पडतो, कोंबडी चार पावलं दूर जाते. मोकळ्यावर एक टोच बसते, शेवटची दूर जाते, विषय संपतो. बंद खुराड्यात ती दूर गेली तर भिंत लागते, नाहीतर तिच्याहून वरच्या दुसऱ्या कोंबडीच्या अंगावर जाते आणि तिथे नवी टोच खाते. मग ती कोपऱ्यात डोकं खुपसून उभी राहते. आपल्याला वाटतं बिचारी शरण आली. टोचणारीला मात्र एवढंच दिसतं की ही अजून इथेच आहे, हटलेली नाही. म्हणून ती पुन्हा टोचते. कोपऱ्यात डोकं घातल्यामुळे समोर मानेची मागची बाजू आणि टाळू येते, आणि नेमकी तिथलीच पिसं आधी जातात.

वहीतून आणखी एक गोष्ट दिसली. पहिल्या नंबरची तांबडी पांढरीला दिवसाकाठी एखादी टोच मारायची, बऱ्याचदा तीही नाही. सगळ्यात जास्त मार आठव्या आणि सातव्या नंबरच्या मारायच्या. “वरच्याने दिलेला मार खालच्यावर काढतात” असं आपण सहज म्हणून टाकतो. थोडंफार तसं असेलही. पण मला त्याहून साधं कारण दिसलं. परातीच्या कडेला आधी वरच्या चौघी-पाचजणी उभ्या राहायच्या, आणि उरलेल्या वीतभर जागेत सातवी, आठवी आणि नववी एकाच वेळी चोच घालायला बघायच्या. तांबडीची पांढरीशी गाठच पडत नव्हती. गाठ पडते त्यांच्यातच टोचाटोची होते.

आता कवडीकडे या. ती खुडूक बसली तेव्हा 21 दिवस अंड्यांवरून फारशी उठली नसणार. खुडूक कोंबडी दिवसातून एकदा उठते, चार दाणे टिपते, पाणी पिते, परत बसते. वजन उतरतं, तुरा फिका पडून आक्रसतो. मग पिल्लं घेऊन ती डालग्याखाली किंवा वेगळ्या कोपऱ्यात. त्या काळात पिल्लांची आई एवढी चवताळलेली असते की वरच्या नंबरची कोंबडीही तिच्या वाटेला जात नाही. तेव्हा तिला कोणी टोचलं नसेल ते त्यामुळेच. पण कोंबडी दुसरीला ओळखते ती मुख्यतः डोक्यावरून, म्हणजे तुरा आणि चोचीखालच्या लाल पाळ्यांवरून, आणि ही ओळख साधारण दोन-तीन आठवडे भेट झाली नाही की पुसट होत जाते. कवडी दोन-अडीच महिन्यांनी परत आली ती आक्रसलेला तुरा घेऊन. उरलेल्या तेरा जणींच्या लेखी ती कुठलीतरी परकी कोंबडी होती. तिचे जुने तेरा निकाल रद्द झाले, तेरा नवे लावायचे, तेही अशक्त अंगाने आणि दुसऱ्यांच्या घरात. पहिली हार झाली आणि कडेच्या बाकीच्या हरलेलीवर आल्या. उन्हाळ्याआधी ती पाचवी-सहावी असेल, तरी त्याचा आता उपयोग नाही. त्यात पावसाळा. पाऊस लागला की तुम्ही त्यांना दिवसभर कोंडून ठेवत असाल, म्हणजे अंगणही गेलं.

कवडीला काढल्यावर दुसरीला सुरू झालं त्याचंही कोडं नाही. खुराड्यात काहीच बदललं नव्हतं. परात एकच, कडेची जागा तेवढीच. कवडी गेल्यावर तेरावी शेवटची झाली आणि त्याच कोपऱ्यात अडकली. शिवाय चार दिवसांनी कवडीला परत टाकलंत तेव्हा तिची घडी पुन्हा विस्कटली. मार खाणारीला काढायचं ही आपली सवय माणुसकीची आहे, पण रक्त निघत नसेल तर त्याने फारसं साधत नाही.

मी काय करेन ते सांगतो. आधी जागा, मग कवडी. हा क्रम उलटा करू नका.

परात काढून टाका. दर कोंबडीमागे दाण्याच्या कडेची साधारण 10 ते 12 सेंटिमीटर जागा लागते, म्हणजे पंधरा जिवांना दीड ते पावणेदोन मीटर. चार इंची पाइप उभा चिरून दोन पन्हळी केल्या, दोन्ही बाजूंनी खाता आलं तर एक मीटरची एक पन्हळ दोन मीटरचं काम करते. पण लांबीपेक्षा त्या कुठे ठेवता हे जास्त महत्त्वाचं. दोन्ही शेजारी ठेवल्यात तर एकच दांडगी कोंबडी मध्ये उभी राहून दोन्ही राखते. एकीवर खाणाऱ्या कोंबडीला दुसरी दिसता कामा नये. मध्ये आडोसा करा. आपल्याकडे पऱ्हाट्यांना तोटा नाही, एक हातभर उंचीची पेंढी उभी बांधली की झालं. जुन्या पऱ्हाट्यांवरची वाळकी बोंडं आधी झाडून जाळा, त्यात गुलाबी बोंडअळी लपलेली असते. तुराट्या मिळाल्या तर त्या बऱ्या. आडोसा भिंतीला चिकटवून कोपरा करू नका. दोन्ही टोकांनी वाट मोकळी हवी. कोंबडी एका बाजूने शिरली आणि मागून दुसरी आली तर पुढच्या बाजूने निसटता आलं पाहिजे. बंद कोपरा करून दिलात तर त्याचीच पुन्हा मार खायची जागा होते, ही चूक मी स्वतः केलेली आहे. पांढरीसाठी खोक्याचं छानसं घर केलं होतं, एकाच दाराचं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आत होती आणि दारात आठवी उभी.

पाण्याचंही तसंच, दोन जागी. रात्री बसायच्या दांड्या दोन असतील तर एकाच उंचीवर लावा, कारण प्रत्येकीला सगळ्यात वरच्याच दांडीवर बसायचं असतं आणि संध्याकाळची मारामारी तिथे होते. एका कोंबडीला वीतभरापेक्षा जरा कमी जागा पुरते.

एवढं केल्यावर पंधरा-वीस मिनिटं नुसतं बसून बघा. सगळ्याच थोडंथोडं टोचतायत, की एकच कोणी दाणा सोडून कवडीच्या मागे खुराडंभर फिरतेय? टोचून आपल्या जागी परतणारी कोंबडी साधी. दाणा सोडून पाठलाग करणारी खोडकर. अशी एकच असेल तर कवडीला नाही, तिला काढा. आठवडाभर दुसरीकडे, नजरेआड. परत आल्यावर तिलाच आपली जागा शोधावी लागते, आणि तोवर कवडीचा बाकीच्यांशी थोडा जम बसतो. तीन-चार जणी पाठलाग करत असतील तर या उपायाला अर्थ नाही. मग जागा अजून कमी पडतेय असं समजा. चौदा कोंबड्या आणि एक कोंबडा दिवसभर कोंडून राहणार असतील तर जमीन तीस चौरस फुटांच्या खाली नसावी, आणि गावठी उडाणटप्पू जातीला त्याहून जास्त असेल तर उत्तम.

कवडीला सध्या खुराड्यातच जाळी लावून वेगळं ठेवा, आठ-दहा दिवस. बाहेर दुसऱ्या खोलीत नको. तिने त्यांना आणि त्यांनी तिला रोज बघत राहिलं पाहिजे, फक्त चोच पोचू नये. आणि तिच्यासोबत ती दुसरी मार खाणारीही ठेवा. एकटी परत जाणारी कोंबडी तेरा जणींना एकटी सामोरी जाते. दोघी गेल्या तर टोचा वाटल्या जातात आणि खाताना दोघींना एकमेकींची सोबत असते. या दिवसांत तिला चांगलं खाऊ घाला, तुरा पुन्हा लालभडक होऊ द्या. लाल, ताठ तुरा ही कोंबड्यांमध्ये पाटी असते, ती वाचूनच समोरची लढायचं की नाही ते ठरवते.

सोडताना खुराड्यात सोडू नका. पावसाने उघडीप दिली की दुपारी सगळ्यांना अंगणात काढा, दाणा लांबलांब विसकटा आणि मग दोघींना सोडा. पहिले दोन-तीन दिवस झटापट होईल, निकाल लागल्याशिवाय शांतता येत नाही. रक्त दिसेपर्यंत मध्ये पडू नका. तुम्ही दर वेळी सोडवलंत तर निकाल अर्धवट राहतो आणि उद्या तीच झुंज पुन्हा होते. कोंबडा असू द्या. कोंबड्यांच्या शिडीत तो नसतो, त्याची जागा वेगळी, आणि तो जवळ असला की कोंबड्या आपसात कमी भांडतात. फक्त कोणाची पाठ आणि पंखांच्या बुडाची पिसं झिजलेली दिसली तर तो कोंबड्याच्या नखांचा प्रताप असू शकतो, त्याचा टोचण्याशी संबंध नाही. तशी पाठ बऱ्याचदा त्याच्या लाडकीची असते.

सोबतीला बाजारातून नवी कोंबडी आणायचा विचार असेल तर तो सोडा. तेरांना आणखी एक परकी मिळेल, एवढंच. आणि रोगाचा धोका वेगळा. नवापूरला 2006 साली बर्ड फ्लू आला तेव्हाचे दिवस मी विसरलेलो नाही. बाहेरचा पक्षी आणायचाच झाला तर निदान दोन आठवडे पूर्ण वेगळा. नवापूरचं नाव निघालंच तर, तिकडच्या हजारो पक्ष्यांच्या शेडमध्ये हा नंबराचा प्रकार असा दिसत नाही. एवढे चेहरे कोंबडीच्या लक्षात राहत नाहीत. तिथे ती समोरचीचा तुरा आणि अंगलोट बघून तेवढ्यापुरतं ठरवते आणि पुढे जाते. आपल्या दहा-पंधराच्या खुराड्यात सगळ्या सगळ्यांना ओळखतात, म्हणून इथे शेवटची कायम शेवटचीच असते.

आता ती दुसरी खोड, जिच्याशी याची गल्लत होते. एक कोंबडी शांतपणे दुसरीच्या पाठीशी उभी राहते, शेपटीच्या बुडाचं पीस ओढते आणि खाते. राग नाही, मान ताठ नाही, पुष्कळदा टोचून घेणारीही हलत नाही. हे मानपानाचं नव्हे. हे जमीन उकरण्याचं, दाणा टिपण्याचं काम चुकून दुसरीच्या पिसांवर चाललेलं असतं. कोरडी उकिरड्यासारखी उकरायला जागा नसली, दाण्यात प्रथिनं कमी पडली की ते वाढतं. नुसत्या ज्वारी-मक्यावर ठेवलेल्या कोंबडीला प्रथिनं निम्मीच मिळतात. ज्वारीत ती दहाएक टक्के, मक्यात त्याहूनही थोडी कमी, आणि अंड्यावरच्या कोंबडीला 16 ते 18 टक्के हवी असतात. मोकळी असताना ती किडे-अळ्या खाऊन भरून काढते, कोंडल्यावर नाही. सोयाबीन पेंड मिसळा किंवा अर्धा दाणा तयार लेअर खाद्याचा करा. सरकी पेंड घरात पडलेली असते म्हणून ती घालायचा मोह होतो, घालू नका. तिच्यातल्या गॉसिपॉलने अंड्याचा बलक ठेवल्यावर हिरवट-तपकिरी पडतो, आणि गिऱ्हाईक परत करतं. खुराड्यात कोरडा भुसा टाकून त्यात मूठभर दाणा रोज लपवा, पालेभाजीची जुडी त्यांच्या डोक्याच्या उंचीवर टांगा. त्यांच्या चोचीला दिवसभर काम मिळालं पाहिजे.

जखम कुठलीही असो, लाल दिसू देऊ नका. लाल रंगाकडे चोच आपोआप वळते आणि मग नंबराचं भांडण बाजूला राहून सगळ्याच तुटून पडतात. अंड्याच्या वाटेशी रक्त दिसलं तर तासाभरात कोंबडी जाऊ शकते, तिला त्याच क्षणी काढायचं. साध्या जखमेवर आपण हळद-तेल लावतो, पण त्याखालून लाल दिसतंच. डॉक्टरांकडून रंग झाकणारा जखमेचा स्प्रे आणा. पावसाळ्यात माशी बसू देऊ नका, दोन दिवसांत अळ्या पडतात.

आणि एक सांगून ठेवतो, कारण तुमचा भाग भुसावळ-यावलचा. पुढच्या एप्रिल-मेमध्ये पारा 44-45 ला गेला की सगळ्या कोंबड्या सावलीतल्या पाण्याच्या भांड्याभोवती चोच वासून बसतील. भांडं एकच असेल तर कवडी उन्हाच्या कडेला उभी राहील, पंख अंगापासून लांब धरून, आणि पाण्याकडे बघत राहील. अशी कोंबडी दुपारी तीनच्या सुमारास आडवी होते, आणि लोक मला फोन करून विचारतात की नाना, कोणता रोग आला. बाकीच्या तेरा ठणठणीत असतात. दुसरं भांडं सावलीतच, पण पहिल्यापासून नजरेआड ठेवलं असतं तर ती मेली नसती.

एवढं करूनही कवडी शेवटचीच राहील, तो नंबर बदलायच्या मागे लागू नका. ती पोटभर खातेय का एवढंच बघायचं. सोडल्यापासून रोज संध्याकाळी कोंबड्या दांडीवर बसल्या की अंधारात तिच्या छातीच्या वर, मानेच्या बुडाशी बोटांनी चाचपा. दाण्याची पिशवी तिथे असते. लिंबाएवढी टणक लागली तर ती खाऊन झोपलीय. सलग दोन संध्याकाळी ती पिशवी रिकाम्या पिशवीसारखी मऊ लागली, किंवा दिवसा ती अंड्याच्या टोपलीत लपून बसलेली दिसली, तर तिला पुन्हा जाळीआड घ्या आणि पन्हळींच्या जागा बदलून बघा. पांढरीच्या वेळी मला तिसऱ्या खेपेला जमलं. दुसरी पन्हळ चुलीच्या भिंतीकडून काढून दाराजवळ ठेवली तेव्हा.